दामदुप्पट, बहात्तर आणि सोयाबीनचा हमीभाव

सोयाबीनचा पैसा शेतकऱ्यांच्या खात्यांवर जमा होऊ लागला की वाशिम जिल्ह्यात ठेवी गोळा करणाऱ्यांची पत्रकेही गावोगावी फिरू लागतात, आणि या आठवड्यात फिरलेल्या अशाच एका पत्रकात ‘साडेसहा वर्षांत दामदुप्पट’ या ठळक ओळीखाली ‘वार्षिक परतावा 15.38 टक्के’ असा दावा छापलेला आहे. पत्रक काढणाऱ्या पतसंस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ही मांडणी तिची एकटीची नव्हे. बहात्तरच्या नियमाची आठवण या स्तंभात वारंवार करून द्यावी लागते ती याच मांडणीमुळे. पत्रकातले दोन्ही आकडे एकाच ठेवीचे असले, तरी ते एकाच हिशेबाचे नाहीत, आणि ठेवीदाराचे नुकसान नेमके या फरकात दडलेले असते.

नियम सर्वपरिचित आहे. व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवले जाऊन त्यावर पुन्हा व्याज लागत असेल, म्हणजेच व्याज चक्रवाढ असेल, तर 72 या संख्येला वार्षिक दराने भागले असता रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे मिळतात. हाच भागाकार उलट्या बाजूनेही करता येतो, आणि पत्रक हाती आल्यावर उपयोगी पडतो तो हा उलटा भागाकार: 72 ला साडेसहाने भागल्यास 11.08 येतात, म्हणजे या ठेवीचा खरा चक्रवाढ दर 11 टक्क्यांच्या थोडा वर आहे, आणि काटेकोर हिशेबाने तो 11.25 टक्के निघतो. मग 15.38 आले कोठून? ते 100 ला साडेसहाने भागून आले आहेत. दुप्पट होणे म्हणजे शंभरावर शंभर रुपये व्याज मिळणे, ते शंभर साडेसहा वर्षांवर सारखे वाटले की दरसाल 15.38 रुपये पडतात, आणि हा झाला सरळव्याजाचा दर. सरळव्याजाने दुप्पट होण्याचा काळ काढायचा असेल तर 100 ला दराने भागायचे असते, चक्रवाढीने काढायचा असेल तर 72 ला. पत्रक लिहिणाऱ्याने ठेव चक्रवाढीची ठेवली आणि दर मात्र सरळव्याजाचा छापला, कारण तो मोठा दिसतो. शेजारच्या बँकेच्या फलकावर 7 टक्के वाचून आलेला ठेवीदार 15.38 शी तुलना करतो तेव्हा तो दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच पोत्यात ओतत असतो.

सरळव्याजाच्या मापाची सवय या प्रदेशात जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 च्या सुमारास, शेकडा दरमहा 5 या दराने वर्षअखेर मुद्दल आणि व्याज मिळून 1000 होत असतील तर मुद्दल किती, असे उदाहरण आहे, आणि त्याचे उत्तर मुद्दल 625 व व्याज 375 असे येते. तेथे व्याजावर व्याज नाही, त्यामुळे त्या दराने रक्कम दुप्पट व्हायला बरोबर 20 महिने लागतात. गावातील देवाणघेवाण आजही ‘शेकडा किती’ याच भाषेत होते. तोच 5 टक्क्यांचा दर महिन्याच्या चक्रवाढीने लावला तर 72 भागिले 5 म्हणजे साडेचौदा महिन्यांच्या आतच कर्ज दुप्पट होते, आणि दोन हिशेबांतला हा साडेपाच महिन्यांचा फरक कागदावर अंगठा उठवणाऱ्याला कोणी सांगत नाही. आठवीच्या वर्गात चक्रवाढव्याजाचे सूत्र शिकवले जाते, त्यावर गुण मिळतात, पण 72 चा भागाकार त्याच तासाला का शिकवला जात नाही, हा प्रश्न या स्तंभाने कितीही वेळा विचारला तरी तो शिळा होत नाही. ज्या जिल्ह्यात घरोघरी पीककर्ज आहे, तेथे सूत्र विसरल्यावरही लक्षात राहील असे गणित शाळेने द्यायला हवे.

नियम पारखून पाहण्यासाठी डाकघरातले किसान विकास पत्र हे सर्वांत सोयीचे साधन आहे, कारण त्यात सरकार दर आणि दुप्पट होण्याचे महिने दोन्ही जाहीर करते. 1 एप्रिल 2023 पासून या पत्राचा दर 7.5 टक्के असून मुदत 115 महिने आहे. 72 भागिले 7.5 म्हणजे 9.6 वर्षे, म्हणजे 115.2 महिने. त्याआधीच्या तिमाहीत दर 7.2 टक्के व मुदत 120 महिने होती, आणि भागाकार बरोबर 10 वर्षे देतो. दर 8 च्या आसपास असताना नियम इतका अचूक चालतो, पण त्यापासून दूर जाताना तो सरकत जातो. 1 एप्रिल 1988 रोजी हे पत्र प्रथम विक्रीस आले तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे, म्हणजे चक्रवाढ दर 13.43 टक्के पडत असे. साधा नियम तेथे 5.36 वर्षे सांगतो, आणि सुमारे पावणेदोन महिने कमी भरतात. उपाय सोपा आहे: 8 च्या वर प्रत्येक 3 टक्क्यांमागे 72 मध्ये 1 मिळवावा आणि 8 च्या खाली त्याच प्रमाणात वजा करावा. 13.43 साठी 72 ऐवजी 73.8 घेतले की भागाकार जवळजवळ बरोबर साडेपाच येतो. वर आलेल्या पत्रकालाही हीच दुरुस्ती लावून 73 भागिले साडेसहा केले तर 11.23 मिळतात, म्हणजे खऱ्या दराशी फरक उरतो तो नगण्य.

आता ज्या तुलनेसाठी हा सारा हिशेब मांडला ती तुलना. मधली तीन वर्षे बंद राहिलेले किसान विकास पत्र नोव्हेंबर 2014 मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा दर 8.7 टक्के आणि मुदत 100 महिने होती. त्या हंगामात पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव, म्हणजे केंद्र सरकारने पेरणीच्या सुमारास जाहीर केलेला किमान आधारभूत दर, क्विंटलमागे 2,560 रुपये होता. रिसोड किंवा मंगरूळपीर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने त्या नोव्हेंबरात सोयाबीन विकून आलेल्या पैशातले 50,000 रुपये या पत्रात गुंतवले असे धरले, तर त्याने त्या भावाने जेमतेम साडेएकोणीस क्विंटल सोयाबीन डाकघरात ठेवले असे म्हणता येते. 100 महिने मार्च 2023 मध्ये पुरे झाले आणि त्याच्या हाती ठरल्याप्रमाणे 1,00,000 रुपये आले. पण 2022-23 चा हमीभाव 4,300 रुपये झालेला होता, म्हणून त्या लाखाचे सोयाबीन सव्वातेवीस क्विंटल भरले. रुपये दुप्पट झाले. सोयाबीन मात्र पावणेचार क्विंटलांनी, म्हणजे एक पंचमांशाहूनही थोडे कमी वाढले.

हे असे का झाले, ते 72 च स्पष्ट करतो. 2,560 वरून 4,300 ही वाढ आठ हंगामांची आहे आणि चक्रवाढीने ती वर्षाला 6.7 टक्के पडते. 72 भागिले 6.7 म्हणजे हमीभाव दुप्पट व्हायला पावणेअकरा वर्षे लागावीत, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात काय घडले ते तपासता येते: दहाव्या हंगामात, 2024-25 मध्ये, हमीभाव 4,892 रुपये होता, म्हणजे 5,120 या दुपटीच्या आकड्यापर्यंत तो पोहोचला नव्हता, आणि अकराव्या हंगामात तो 5,328 होऊन दुपटीच्या पुढे गेला. म्हणजे दोन चक्रवाढी शेजारीशेजारी चालू होत्या, एक 8.7 ची आणि दुसरी 6.7 ची, आणि ठेवीदाराच्या पदरात खरी पडली ती त्यांतल्या फरकाची, जवळजवळ 2 टक्क्यांची चक्रवाढ. या 2 टक्क्यांवर नियम लावला तर 36 वर्षे येतात, दर लहान असल्याने सांगितलेली दुरुस्ती केली तर 35. सोयाबीनच्या मापाने ती ठेव दुप्पट व्हायला एवढा काळ लागला असता. जो माणूस पैसे बियाणे, खत, मजुरी आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवतो, त्याच्यासाठी पत्रावर छापलेल्या 100 महिन्यांपेक्षा ही 35 वर्षे अधिक खरी आहेत.

या तुलनेची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. हमीभाव हा जाहीर दर आहे, बाजार समितीत मिळालेला भाव नव्हे. 2024 च्या हंगामात विदर्भातील बाजारांत सोयाबीन हमीभावाच्या बरेच खाली विकले गेले, आणि त्या भावाने मोजल्यास डाकघरातील ठेव अधिक चांगली दिसेल. पण त्याचा अर्थ ठेव वाढली असा नसून पीक स्वस्त झाले असा आहे, आणि ज्याचे उत्पन्न त्याच पिकातून येते त्याला यात समाधान मानण्यासारखे काही नाही. खर्चाची बाजू, म्हणजे डिझेल, खत आणि मजुरीचे दर घेऊन हाच हिशेब ज्याने त्याने आपल्या वहीतून करावा. दुप्पट होण्याचा काळ तेथे प्रत्येकाचा वेगळा निघेल.

पुन्हा त्या साडेसहा वर्षांच्या पत्रकाकडे पाहिले तर 11.25 टक्के हा दर किसान विकास पत्राच्या 7.5 पेक्षा पावणेचार टक्क्यांनी अधिक आहे, आणि हा अधिकचा दर कशाबद्दल मिळतो हे पत्रकात कोठेही लिहिलेले नाही. डाकघरातील पत्रामागे केंद्र सरकारची हमी असते. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. नागरी किंवा ग्रामीण पतसंस्था ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणारी बँक नसून सहकार खात्याकडे नोंदलेली संस्था असते, आणि तिच्यातील ठेवीला हा विमा लागू नाही. शिवाय ठेवीदाराला 11.25 टक्के द्यायचे तर संस्थेला कर्ज त्याहून चढ्या दराने द्यावे लागते, आणि त्या दराने कर्ज घेणारा बहुधा तोच असतो ज्याला बँकेने दारात उभे केलेले नसते. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती वर्षांत दुप्पट’ हा नसून ‘वसुली किती आणि थकबाकी किती’ हा असायला हवा; संस्थेचा वार्षिक अहवाल व लेखापरीक्षणाचा वर्ग हे दोन कागद सभासद म्हणून मागता येतात, आणि ते दाखवायला टाळाटाळ झाली तर ठेव न ठेवणे हेच योग्य.

सहकार खात्याने करायची गोष्ट त्याहून सोपी आहे. ‘दामदुप्पट’ हा शब्द छापणाऱ्या प्रत्येक संस्थेला मुदतीशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत वार्षिक चक्रवाढ दर छापण्याची आणि ठेवीला विमा नाही हे एका ओळीत लिहिण्याची सक्ती करावी, आणि 100 ला वर्षांनी भागून काढलेला आकडा ‘परतावा’ म्हणून छापण्यास मनाई करावी. जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयातून निघणाऱ्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते, आणि ते पुढच्या हंगामाच्या आधी, म्हणजे कारंजा आणि वाशिमच्या बाजार समित्यांत सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी निघावे.