चेष्टा कुठे थांबवावी?

करंजाडेतल्या एखाद्या सोसायटीच्या आवारात हे सहज ऐकू येते. घरात बाळ आले, की शेजारी चार वर्षांच्या थोरलीला म्हणतात, ‘आता आई बाळाची. तुला बोहारणीला देऊ?’ मोठे हसतात. या वयाची मुले मात्र शब्द खरे मानतात. बोलण्यामागचा हेतू वेगळा असू शकतो, हे साधारण सहाव्या वर्षापासून उमगू लागते. म्हणून खूण मुलाच्या वागण्यात शोधावी. तीही हसून उलट चेष्टा करत असेल, तर तो खेळ. ती गप्प होऊन आईकडे पाहत असेल, रात्री तोच प्रश्न विचारत असेल, पाहुण्यांसमोर येणे टाळत असेल, तर चेष्टा लागली आहे. मग ‘गंमत केली’ एवढे पुरत नाही. ‘तू आमचीच’ हे आईने त्याच शेजाऱ्यांसमोर सांगावे लागते.