क्रिएटिन : घरचे किती, बाहेरचे किती?

काही महिन्यांपूर्वी एक सूनबाई आपल्या सासऱ्यांचे रक्ततपासणीचे तीन अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या. आजोबांचे वय ७६, प्रकृती मूळचीच किरकोळ, घर पूर्ण शाकाहारी. पहिला अहवाल वर्षभरापूर्वीचा होता व त्यात क्रिएटिनिन १.० होते. दुसऱ्यात ते १.३ झालेले होते आणि त्याखाली प्रयोगशाळेने मूत्रपिंडांच्या कार्यक्षमतेचा अंदाज ५७ असा छापला होता. पूर्वी हाच अंदाज ७८ होता. घरात साहजिकच घबराट उडाली. मूत्रपिंडांवर भार नको म्हणून आजोबांची डाळ, उसळ व दूध बंद करण्यात आले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि क्रिएटिनिन ०.९ वर उतरले. "पथ्य लागू पडले ना, डॉक्टर?" असे सूनबाईंनी मोठ्या समाधानाने विचारले.

मी आजोबांना वजनकाट्यावर उभे केले. वजन ५४ किलोवरून ५० वर आले होते. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांनी रेटा देत होते. हे पूर्वी नव्हते.

मग एक गोष्ट विचारली, जी खरे तर प्रारंभीच विचारावयास हवी होती. दुसऱ्या तपासणीच्या आधी आजोबा काही नवीन घेत होते का? तेव्हा उलगडा झाला. व्यायामशाळेत जाणाऱ्या नातवाने प्रेमापोटी आजोबांना रोज एक चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, क्रिएटिनची भुकटी दुधातून देण्यास आरंभ केला होता. तपासणी झाली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. अहवाल पाहताच डाळ-दुधाबरोबर ती भुकटीही बंद झाली.

या तीन आकड्यांचा अर्थ लावायचा तर क्रिएटिन शरीरात येते कोठून व जाते कोठे, हे पाहावे लागेल. प्रथम नावांचा घोळ दूर करू. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्रिएटिन हे स्नायूंचे हाताशी असलेले इंधन आहे. खुर्चीतून उठणे, पायरीवर पाऊल टाकणे, तोल गेल्यास स्वतःला सावरणे अशा पहिल्या काही सेकंदांच्या कामाला लागणारी शक्ती त्याच्या साठ्यातून तत्काळ मिळते. हे क्रिएटिन झिजून जे उरते ते क्रिएटिनिन. त्याचा शरीराला उपयोग नसतो. मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात.

आपल्या शरीरातील बहुतेक सर्व क्रिएटिन स्नायूंमध्ये असते, परंतु स्नायूंना लागणारे क्रिएटिन प्रामुख्याने दुसरीकडे तयार होते. कामाचा आरंभ मूत्रपिंडांत होतो. तेथे आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल आपला एक तुकडा ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला देते. या जोडणीतून ग्वानिडिनोॲसिटेट हा कच्चा माल सिद्ध होतो. तो रक्तावाटे यकृतात पोहोचतो आणि तेथे त्याला मिथिल नावाचा एक लहानसा अंश जोडला जातो. हा अंश मेथिओनिन या तिसऱ्या अमिनो आम्लाकडून मिळतो. झाले क्रिएटिन तयार! पुन्हा रक्तावाटे ते स्नायूंकडे जाते आणि स्नायू ते आत ओढून साठवतात. मूत्रपिंडे केवळ गाळण्याचेच काम करतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती येथे कारागीरही आहेत. मूत्रपिंडे दीर्घकाळ आजारी असतील तर ही पहिली पायरीही मंदावते.

आता जमाखर्च पाहू. सत्तर किलो वजनाच्या धडधाकट पुरुषाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते. त्यातील शेकडा दीड ते दोन भाग, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो. जितका स्नायू अधिक तितका हा खर्च अधिक. आपल्या आजोबांसारख्या कृश वृद्धाचा खर्च एखाद्या ग्रॅमच्या आसपास असावा. हा खर्च रोज भरून निघाला पाहिजे.

मांसाहारी माणसाला त्यातील जवळजवळ अर्धा भाग अन्नातून मिळतो. १८३२ साली शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ प्रथम मांसातूनच वेगळा केला आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. शंभर ग्रॅम कच्च्या मटणात किंवा मासळीत साधारण ०.४ ते ०.५ ग्रॅम क्रिएटिन असते. शिजवताना त्यातील काहींचे क्रिएटिनिन होते. म्हणून रात्री मटणाचा रस्सा भरपेट घेऊन सकाळी रक्त दिले, तर मूत्रपिंडे निरोगी असूनही आकडा थोडा वर दिसू शकतो. दुधात क्रिएटिन नाममात्र असते. डाळी, धान्ये, भाज्या व फळे यांत ते जवळजवळ नसतेच.

मग शाकाहारी माणसाचे काय? त्याचे शरीर जवळजवळ सर्व क्रिएटिन स्वतः बनवते. बाहेरून क्रिएटिन आले की मूत्रपिंडांतील पहिली पायरी आपले काम कमी करते. आले नाही की ती चालू राहते. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील साठा मांसाहारी व्यक्तींपेक्षा काहीसा कमी आढळतो, हे खरे. मेंदूतील साठ्यात मात्र तसा फरक दिसत नाही, कारण मेंदू आपले क्रिएटिन बऱ्याच अंशी स्वतः तयार करतो. पिढ्यान्‌पिढ्या वरणभात खाणाऱ्या घरांत भुकटीवाचून कोणाचे अडले नाही, त्याचे कारण हेच.

परंतु घरी बनवायचे तर शिधा घरात हवा. ग्लायसिन शरीर स्वतःही बनवू शकते. आर्जिनिन डाळींत व शेंगदाण्यांत विपुल असते. अडचण येते ती मेथिओनिनची, कारण डाळींत ते कमी असते. भाकरी-पोळीत ते तुलनेने अधिक, दुधा-दह्यात चांगले आणि तिळांत तर भरपूर. भाकरीबरोबर उसळ, वर तिळाची चटणी व वाटीभर दही असे जेवण म्हणजे यकृताला हवा असलेला माल एकाच ताटात मिळणे होय.

येथे एक कडी बहुधा दुर्लक्षित राहते. मेथिओनिनने आपला मिथिल अंश दिला की मागे होमोसिस्टीन उरते. त्याचे पुन्हा मेथिओनिन करून तोच माल परत वापरण्यासाठी बी-१२ आणि फॉलिक आम्ल ही जीवनसत्त्वे लागतात. क्रिएटिन बनवणे हे शरीरातील मिथिलचा मोठा खर्च करणारे काम आहे आणि शाकाहारी माणसाच्या शरीरात हे काम अधिक चालते. नेमके त्याच्याच आहारात बी-१२ तुटपुंजे असते, आणि उतारवयात जठरातील आम्ल कमी झाले की अन्नातील बी-१२ नीट शोषलेही जात नाही. कच्चा माल असूनही कारखान्याची गती मंदावावी, अशी ही अवस्था असते.

आता पुन्हा आजोबांचे अहवाल हाती घेऊ. पाच ग्रॅम भुकटी म्हणजे एक किलोहून अधिक कच्च्या मांसातील क्रिएटिन! ज्या शरीराला बाहेरून क्रिएटिनचा कणही मिळत नव्हता, तेथे ते रोज जाऊ लागले. साठा वाढला, झीज वाढली आणि रक्तातील क्रिएटिनिनही वाढले. प्रयोगशाळेचे सूत्र क्रिएटिनिन, वय व लिंग एवढेच जाणते. ५७ हा अंदाज त्या सूत्रातून आला. भुकटीची वार्ता सूत्राला कोणी दिली नव्हती. अर्थात क्रिएटिनिन वाढले की दोष भुकटीचाच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ती बंद करून साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे, लघवीतील अल्ब्युमिन पाहावे व रक्तदाब मोजावा. शंका उरल्यास सिस्टॅटिन सी ही तपासणी करता येते, कारण ती स्नायूंच्या प्रमाणावर फारशी अवलंबून नसते.

सूनबाईंना आनंद देणारा ०.९ हा आकडा मला अधिक चिंताजनक वाटला. भुकटी थांबल्यावर क्रिएटिनिन १.० पर्यंत उतरणे अपेक्षितच होते. त्याहून खाली जाण्याचे कारण मूत्रपिंडांची सुधारणा असेलच असे नाही; स्नायू घटले की झीजही घटते. चार किलो वजन गेले होते व उठण्याची शक्ती गेली होती. आजोबांच्या लघवीत अल्ब्युमिन नव्हते व सिस्टॅटिन सी प्रयोगशाळेच्या मर्यादेत होते. मूत्रपिंडे ठीकच होती. बी-१२ मात्र १४८, म्हणजे २०० या नेहमीच्या किमान मर्यादेच्या खाली होते.

म्हणून डाळ, उसळ व दूध पूर्ववत सुरू केले आणि बी-१२ची इंजेक्शने दिली. ज्यांच्या मूत्रपिंडांचा विकार सिद्ध झालेला आहे, त्यांनी मात्र हे वाचून स्वतःच्या आहारातील प्रथिने वाढवू नयेत; ते प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. आजोबांना हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठण्या-बसण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा सांगितला. आरंभी चार वेळांतच ते दमत, आणि सूनबाई शेजारी उभ्या राहत.

नातवाचा प्रश्न उरला होता : "मग भुकटी वाईट का?" तसे मी म्हणणार नाही. वजन उचलण्यासारख्या व्यायामाबरोबर रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्यास वृद्धांच्या स्नायूंना थोडा अधिक लाभ होतो. व्यायामावाचून नुसती भुकटी घेतल्यास फारसे काही पदरात पडत नाही. मूत्रपिंडांचा विकार असेल किंवा त्यांवर ताण आणणारी औषधे चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि कोणीही घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. आजोबांच्या बाबतीत मला भुकटीपेक्षा उसळीची व बी-१२ची निकड अधिक वाटली. नातवाने ते मानले व डबा स्वतःच्या खोलीत नेला.

चार महिन्यांनी वजन साडेबावन्न किलो झाले होते आणि आजोबा हात छातीशी धरून खुर्चीतून उठून दाखवत होते. क्रिएटिनिन १.० होते. अहवाल पाहून या वेळी आजींचा चेहरा उतरला. "डॉक्टर, ०.९चे परत १.० झाले हो!" त्यांना हा सगळा हिशोब मी पुन्हा एकदा आरंभापासून सांगितला.