दाढ भरल्यानंतरची कळ : किती दिवस, आणि केव्हा काळजीची?

किडलेली दाढ भरून घेतल्यावर दुखणे संपावे, अशी आपली रास्त अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटेच घडते. कीड असताना जी दाढ गप्प होती, तीच भरल्यानंतर थंड पाणी लागताच कळ देऊ लागते. मग ‘काम नीट झाले नाही’ अशी शंका मनात येते. ही कळ बहुतेक वेळा आपोआप ओसरणारी असते. मात्र काही वेळा ती दाताच्या आतल्या बिघाडाची सूचना असते. दोहोंतला फरक घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता येतो. त्यासाठी कळ किती तीव्र आहे यापेक्षा ती किती वेळ टिकते, याकडे लक्ष द्यावे लागते.

दाताचे बाहेरचे कठीण कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या आत डेंटिनचा थर असतो आणि सर्वांत आत नसा व रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो. डेंटिन भरीव दिसले, तरी त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. थंड पदार्थ लागला की हा द्रव हलतो आणि ती हालचाल गराजवळच्या नसांना जाणवते. हीच ती क्षणिक झिणझिणी. कीड कोरून काढताना यंत्राचे घर्षण, उष्णता आणि कोरडेपणा यांमुळे गराला थोडी सूज येते. सुजलेला गर एरवी न जाणवणाऱ्या गारव्यालाही कळवळून उठतो. पोकळी जितकी खोल, तितका गर जवळ आणि त्रास अधिक.

हल्ली दाताच्या रंगाचे काँपोझिट पुष्कळ वापरले जाते. ते निळ्या प्रकाशाने कठीण करताना किंचित आकसते आणि दाताच्या भिंतींना ताण बसतो. भरलेला भाग व दात यांच्यात एखादी सूक्ष्म फट राहिली, तर घास चावताना तिथला द्रव दाबला जाऊन कळ येऊ शकते.

आणखी एक कारण अगदी साधे असते, ते म्हणजे भरलेला भाग केसभर उंच राहणे. बधिर केलेल्या जबड्याला ‘नीट चावले जाते का’ याचा अंदाज येत नाही. बधिरता उतरल्यावर, एरवी सगळ्या दातांत वाटला जाणारा भार त्या एकाच दाढेवर येतो. ज्यांच्या तोंडात मोजकेच दात उरले आहेत, त्यांना हे लवकर जाणवते.

उदाहरण म्हणून दोन घरांतली स्थिती पाहू. बहात्तर वर्षांच्या एका आजींची खालची दाढ भरली. पहिले तीन दिवस माठातले पाणी लागताच सणकन कळ येई. पण घोट गिळून तीन-चार सेकंद होतात तोच ती थांबे. पाचव्या दिवशी भाकरी चावताना नेमकी तीच दाढ दुखू लागली. सहाव्या दिवशी त्या दंतवैद्यांकडे गेल्या. त्यांनी रंगीत कागद दातांमध्ये धरून चावायला सांगितले. भरलेल्या भागावर गडद ठिपका उमटला, म्हणजे भार तिथे पडत होता. तेवढा भाग घासून सारखा केला. हे काम काही मिनिटांचे असते आणि त्यासाठी इंजेक्शन बहुधा लागत नाही. दोन दिवसांत चावणे सुधारले. गारव्याची कळ दिवसागणिक उतरत जाऊन तिसऱ्या आठवड्यात थांबली.

दुसऱ्या घरातल्या आजोबांचीही दाढ अशीच खोल भरली होती. पहिला आठवडा बरा गेला. दहाव्या दिवशी गरम चहाने दाढ ठणकू लागली आणि कप खाली ठेवल्यावरही ठणका दहा मिनिटे राहिला. दोन रात्री झोपमोड झाली; आडवे होताच दुखणे वाढे. पुढे काहीही न खाता-पिताही ते सुरू होऊ लागले. इथे गराची सूज परत फिरण्याच्या पलीकडे गेली होती. वाट पाहून ती उतरत नाही; रूट कॅनाल उपचार करावा लागतो किंवा दात काढावा लागतो.

या दोन उदाहरणांतच कसोटी सापडते. गारव्याने येणारी, काही सेकंदांत थांबणारी आणि रोज थोडी कमी होणारी कळ बहुधा बरी होण्याच्या वाटेवर असते. साधारणपणे ती काही दिवसांत उतरू लागते आणि दोन आठवड्यांत बरीच कमी होते. पोकळी खोल असल्यास चार आठवडेही लागू शकतात. याउलट, कारण दूर झाल्यावरही अर्धा मिनिट किंवा अधिक टिकणारी, गरम पदार्थाने उठणारी, आपोआप सुरू होणारी, झोपेतून जागे करणारी किंवा दिवसेंदिवस वाढणारी कळ असेल, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता दंतवैद्यांना दाखवावे. केवळ चावताना दुखत असेल, तर दोन-तीन दिवसांत उंची तपासून घ्यावी. उंची बरोबर असूनही चावून दात सोडताना तीव्र कळ येत असेल, तर दाताला तडा गेल्याची शक्यता असते. तेही दाखवणे आवश्यक.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वयानुसार डेंटिन आतून जाड होत जाते, गराची जागा आक्रसते आणि दात कमी संवेदनशील होतात. त्यामुळे गर खराब होत असतानाही कळ सौम्यच राहू शकते. तसेच, तीव्र ठणका एकाएकी पूर्ण थांबला, तर तो बरा झाला असे गृहीत धरू नये. गर निर्जीव झाल्यानेही दुखणे थांबते आणि पुढे मुळाशी पू होतो. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला दुखणे सांगता येत नाही. अशा वेळी एकाच बाजूने चावणे, गार पाणी नाकारणे, गाल धरून बसणे, घास तोंडात ठेवून देणे या खुणा शुश्रूषा करणाऱ्यांनी टिपाव्यात.

वहीत रोज एक ओळ लिहावी : कळ कशाने आली, किती सेकंद टिकली, कालपेक्षा कमी की जास्त. दंतवैद्यांना ही नोंद फार उपयोगी पडते. तोवर फार थंड व फार गरम टाळावे आणि दुसऱ्या बाजूने चावावे. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. हिरडीवर गोळी दाबून ठेवल्यास तिथली त्वचा भाजते, म्हणून तेही करू नये.

गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, हिरडीवर पुवाची पुळी यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, गिळताना वा श्वास घेताना अडचण होत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.