ओट्यावरची हुकांची दांडी

ओट्यावरच्या भिंतीला स्टीलची दांडी आणि तिला अडकवलेले हूक, ही सोय आता बऱ्याच स्वयंपाकघरांत दिसते. डाव, झारा, कफगीर, तवा सगळं हाताशी राहतं. आणि मग कधीतरी दुपारी धडामकन आवाज होतो. आमच्या पाहण्यात अशी दांडी वाकून पडल्याचं फारसं नाही. पडते ती भिंतीतून स्क्रू उपटून. म्हणून या वेळी दांडीपेक्षा भिंतीबद्दलच अधिक लिहीत आहोत.

आधी लांबी. समजा पाच पळ्या-झारे, १० इंची लोखंडी तवा आणि ९ इंची फ्रायपॅन टांगायचा आहे. पळ्यांना प्रत्येकी ३ इंच, म्हणजे १५ इंच झाले. तवा आणि पॅन यांना त्यांच्या रुंदीपेक्षा एक-एक इंच जास्त, म्हणजे ११ आणि १०. बेरीज ३६ इंच, म्हणजे ३ फुटी दांडी पुरते. उंची ठरवायची ती सर्वांत लांब वस्तूवरून. पॅन दांड्यासकट १६ इंच, हूक २ इंच. दांडी ओट्यापासून २० इंचांवर घेतली तर खाली दोन इंच मोकळे राहतात. वरचं कपाट २४ इंचांवर असेल तर हूक उचलून काढायलाही जागा उरते. जागा मात्र शेगडीच्या बाजूला निवडा, शेगडीच्या वर नको. रमजानात रोज इफ्तारीची भजी तळताना वरच्या पळ्यांवर तेलाचा चिकट थर बसतो, आणि पेटत्या गॅसवरून हात लांबवताना ओढणी ज्योतीत जायला वेळ लागत नाही.

वजन म्हणाल तर तवा साधारण दीड किलो, पॅन पाऊण, पळ्या मिळून पाऊण. एकूण ३ किलो. पण आपण भांडं हळूच थोडंच काढतो? घाईत ओढतो. म्हणून हिशोब दुप्पट, ६ किलोंचा ठेवावा. तीन फुटांना दोन टोकांना आणि मध्ये एक असे तीन ब्रॅकेट घ्या आणि तवा ब्रॅकेटच्या जवळ टांगा. हुकाची परीक्षा सोपी आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तव्याच्या हुकाला तीन लिटर पाणी भरलेली छोटी बादली, खाली काही फुटणार नाही अशा जागी, रात्रभर टांगून ठेवा. सकाळी हुकाचं तोंड उघडलेलं दिसलं तर तो पळ्यांपुरताच. बिडाची जड कढई मात्र कपाटातच बरी.

आता भिंत. टाइल साधारण ८ मिलिमीटर जाड असते, तिच्यामागे सिमेंट आणि प्लास्टर मिळून सुमारे २०. म्हणजे खरी वीट २८ मिलिमीटर आत सुरू होते. दांडीबरोबर मिळणारा आखूड स्क्रू-प्लग बहुधा या २८ मध्येच संपतो. प्लास्टर काही दिवस धरून ठेवतं आणि मग भुरभुरतं. त्यातही प्लग टाइलच्या जाडीत राहिला, तर स्क्रू आवळताना तो फुगतो आणि टाइल तडकते. म्हणून ४० मिलिमीटरचा प्लग टाइल, प्लास्टर ओलांडून विटेत ठोकून बसवायचा, आणि स्क्रू ७० मिलिमीटरचा, शक्यतो स्टेनलेस स्टीलचा घ्यायचा. चार इंची भिंत असेल तर भोक ७५ च्या पुढे नेऊ नका.

भोक पाडण्याआधी टाइल बोटाने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर ती सोडा. नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली, तसंच त्यांच्या आडव्या रेषेतही भोक टाळा, तिथे पाइप किंवा वायर असण्याचा संभव. काम होईपर्यंत मेन स्विच बंद ठेवा आणि ड्रिल बॅटरीवरचं वापरा. टाइलवर चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंदच हवा, नंतर सुरू करावा.

भोकातून पडणारी धूळ बघत राहा. टाइलची संपली की राखाडी येते, ते प्लास्टर. मग लाल आली की वीट लागली. राखाडीच राहून ड्रिल जड चालू लागलं तर काँक्रीट, म्हणजे उत्तमच. पण बिट लोण्यात गेल्यासारखं आत सरकलं आणि पांढुरकी भुकटी आली, तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. तिला अशा ब्लॉकसाठीचे वेगळे लांब प्लग मिळतात; ते नसतील तर फक्त पळ्याच टांगा. भाड्याच्या घरात चिकटवायच्या पट्टीवरची दांडीही पळ्यांपुरतीच.

लावून महिना झाला की ब्रॅकेट आणि टाइल यांच्यामध्ये कागद सरकवून पाहा. कागद आत गेला किंवा ओट्यावर बारीक राखाडी भुकटी दिसू लागली, तर भांडी त्याच दिवशी उतरवा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. भोक विटेपर्यंत खोल करून नवा प्लगच घालावा लागतो.