तो 14 तासांचा कागद दारावरून काढा!
पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना जाहीर आवाहन

मित्रमैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या दारावर कागद लागला: 'रोज 14 तासांपेक्षा कमी बसणाऱ्यांची जागा प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्यांना दिली जाईल.' त्या दारापासून चौथ्या खुर्चीवर आमच्या गटातला वाशीम जिल्ह्यातला एक मुलगा बसतो. सकाळी सातला यायचा, रात्री दहाला उठायचा. त्याची जागा कुणी काढून घेतली नसती. पण दीड महिन्यात राज्यव्यवस्थेचं एक प्रकरणसुद्धा त्याच्याकडून पुरं झालं नव्हतं. आम्हाला हे कळलं ते मेसमध्ये, वाढलेल्या ताटासमोर बसून तो रडायला लागला तेव्हा. तोवर त्याला सगळे 'सिन्सिअर' म्हणत होते. आम्हीही म्हणत होतो, आणि त्याची आम्हाला लाज वाटते.

थकवा कुणाला येत नाही? दिवसभर वाचल्यावर डोळे जड होतात, मान धरते, संध्याकाळी चहा लागतो. तो थकवा झोपेने उतरतो. पण मन आणि शरीर आतून पार रिकामं होणं ही वेगळी गोष्ट आहे. इंग्रजीत तिला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटनेची व्याख्या नोकरीपुरती आहे, पण संशोधकांनी याच तीन खुणा विद्यार्थ्यांमध्येही तपासल्या आहेत. आणि राज्यसेवेची तयारी म्हणजे बिनपगारी, बिनसुट्टीची नोकरी नाही तर काय?

यातली पहिली खूण थकव्यातही दिसते. फरक कळतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेवरून. थकलेला मुलगा म्हणतो, 'आज होत नाही, उद्या करतो.' रिकामा झालेला म्हणतो, 'करून तरी काय होणार आहे?' थकलेल्याच्या चुका रात्रीच्या पेपरात होतात. रिकाम्या झालेल्याच्या चुका सकाळी आठलाही होतात, आणि त्याही गेल्या वर्षी तोंडपाठ असलेल्या प्रश्नांत. सीसॅटचा उतारा तो तीनदा वाचतो आणि चौथ्यांदा पहिल्या ओळीवर येतो.

आमच्या गटाची एक साधी रीत आहे. ही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण उपयोगी पडते. सलग दोन रात्री आठ-आठ तास झोपायचं आणि मधला अख्खा दिवस पुस्तकाला हात लावायचा नाही. मग सर्वांत आवडता विषय घेऊन तासभर बसायचं. गाडी चालू झाली तर तो थकवा होता. आवडत्या विषयावरही अर्ध्या तासात तोच जडपणा, तोच वैताग परत आला, तर एका सुट्टीने भागणार नाही, भारच उतरवावा लागेल.

त्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, बी-12 घटलं असेल तरी माणूस असाच गळून जातो, आणि मेसच्या जेवणावर वर्षं काढणाऱ्यांत हे नवल नाही. अभ्यासच नव्हे तर क्रिकेट, मित्र, आईचा फोन, काहीच नकोसं वाटत असेल आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे वेळापत्रक बदलून भागत नाही, डॉक्टर लागतो. जगणंच नको असा विचार एकदा जरी आला तरी वाट पाहू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि रात्रंदिवस चालतो.

आता त्या मुलाचं काय केलं ते सांगतो. आधी तीन दिवस फक्त मोजलं. खरोखर वाचलेल्या दर 25 मिनिटांना कागदावर एक रेघ. पहिल्या दिवशी नऊ रेघा, दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी आठ. म्हणजे 15 तास खुर्चीत, आणि सर्वांत चांगल्या दिवशीही खरा अभ्यास पाच तासांच्या आत! उरलेले दहा तास तो फक्त स्वतःला शिव्या देत होता. ते दहा तास सोडून त्याचं काय बुडणार होतं?

म्हणून पहिले दोन आठवडे रोज चारच तास ठेवले. सकाळी दीड-दीड तासाच्या दोन बैठका, संध्याकाळी एक तास आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. दुपारी अभ्यासिकेत पाऊल टाकायचं नाही. दोन टेस्ट सिरीज होत्या, एक बंद केली. चालू घडामोडींची तीन मासिकं होती, एक ठेवलं. झोप सात तासांच्या खाली नाही. पाचव्या दिवशी त्याला बरं वाटलं आणि गडी रात्री दोनपर्यंत बसला. पुढचे तीन दिवस वाया गेले. तेव्हापासून आमचा नियम पक्का झाला: चांगला दिवस उजाडला तरी ठरल्यापेक्षा जास्त बसायचं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला पाऊण तास वाढवला. चौथ्या आठवड्यात एका प्रश्नाच्या उत्तरावरून तो आमच्याशी तावातावाने भांडला, तेव्हा आम्ही ओळखलं की पोरगं परत आलं.

'परीक्षा तोंडावर आहे, आता कसा भार कमी करू?' असं विचारणाऱ्यांनो, नवं वाचन आजच थांबवा. जुन्या प्रश्नपत्रिका, स्वतःच्या टिपणांची उजळणी आणि झोप, एवढंच ठेवा.

'अमुक साहेब 18 तास बसायचे' हे आम्हाला ऐकवू नका. रेघा मारून दाखवा, मग बोलू. 'हा सगळा आळस आहे' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की आळशी माणूस सकाळी सातला अभ्यासिकेत येत नाही.

आणि एक कडू गोष्ट. 25 ऑगस्ट 2024 ची पूर्वपरीक्षा पुढे ढकलावी म्हणून आपण याच शास्त्री रस्त्यावर ठाण मांडून बसलो. आयोगाला ऐकावं लागलं, त्याचा आम्हाला आजही अभिमान आहे. पण परीक्षा 1 डिसेंबरला झाली, आणि शेवटच्या महिन्यासाठी आखलेलं वेळापत्रक कित्येकांनी तसंच आणखी तीन महिने ओढलं. तारीख पुढे गेली की भार त्याच दिवशी उतरवायचा असतो, हे आपण एकमेकांना सांगितलं नाही. तारखेसाठी रात्रभर रस्त्यावर बसणारे आपण, शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा महिनाभर एकाच पानावर आहे हे पाहत नाही!

म्हणून तातडीने हे करा:

1. उद्यापासून तीन दिवस रेघा मारा. खोटी रेघ मारू नका, ती कुणी तपासणार नाही.
2. झोपेची आणि एका दिवसाच्या सुट्टीची परीक्षा या आठवड्यातच घ्या.
3. भार उतरवायचा ठरला तर रूममेटला सांगा, म्हणजे रात्री तो तुम्हाला खुर्चीवरून उठवेल.
4. आईवडिलांनो, फोनवर 'किती तास झाले?' विचारू नका. 'झोपलास का नीट?' विचारा.
5. अभ्यासिका चालवणाऱ्यांनो, तासांच्या अटीचे कागद काढा. पैसे खुर्चीचे घेता, माणसाच्या झोपेवर तुमचा हक्क नाही.

दर रविवारी संध्याकाळी आमचा गट बसतो. रेघांचा कागद घेऊन या. एकच रेघ असली तरी या.

आपलेच,
अभ्यासिकांमधल्या मुलामुलींचा मदत गट
सदाशिव पेठ–नवी पेठ, पुणे