सूट मागावी, पण कोणती?

लातूरच्या महाविद्यालयातून संगणकशास्त्राची पदवी घेतलेली एखादी विद्यार्थिनी ऑस्ट्रेलियातील विद्यापीठात दोन वर्षांच्या माहिती-तंत्रज्ञान पदव्युत्तर अभ्यासक्रमास निवडली गेली, असे समजू. सोळा विषय, प्रत्येक सत्रात चार. यादी वाचताच घरात पहिला उद्गार निघतो, "डेटाबेस, नेटवर्क हे तर तिचे झालेलेच आहे! पुन्हा फी कशाला?" शुल्क विषयागणिक आकारले जाते, म्हणून वडिलांचा प्रश्न रास्त असतो. त्याच रात्री विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयास ई-मेल जातो: हे चारही विषय माझे झाले आहेत, कृपया सूट द्यावी.

अशा पत्रास बहुधा नकार येत नाही. उलट प्रश्न येतो, की कोणता विषय कशाच्या बरोबरीचा आणि त्याचा पुरावा काय? कारण गुणपत्रकावर विषयाचे नाव व गुण असतात, त्यात काय शिकवले ते नसते. सूट ठरवणारा प्राध्यापक विषयाचे नाव पाहत नाही, घटक पाहतो.

यासाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा अधिकृत अभ्यासक्रम जोडावा लागतो. तो विद्यार्थिनीने ज्या वर्षी शिकला त्या वर्षीचाच हवा. अभ्यासक्रम वेळोवेळी बदलतो, आणि संकेतस्थळावर आज दिसणारा आराखडा तिच्या गुणपत्रकाशी जुळला नाही, तर सारा अर्जच संशयास्पद ठरतो. श्रेयांकांचा अर्थही सांगावा. आपल्याकडे एक श्रेयांक म्हणजे साधारण पंधरा तासांचे व्याख्यान. म्हणून "चार श्रेयांक" एवढेच न लिहिता "साठ तास" असे लिहिले, की परदेशी वाचकास विषयाचा आवाका कळतो.

दुसरे पत्र मग वेगळे होते. विद्यार्थिनी दोन रकान्यांचा तक्ता करते. डावीकडे परदेशी विषयाचा क्रमांक आणि त्यातून अपेक्षित असलेली कौशल्ये, उजवीकडे आपला विषय, सत्र, तास, गुण आणि घटक. डेटाबेसचे बहुतेक घटक जुळतात. व्यवहार-नियंत्रणाचा एक भाग आपल्याकडे शिकवलेला नाही, हे ती स्वतःच नोंदवते. जे नाही ते लपवल्याने काही साधत नाही, कारण तपासणाऱ्याच्या हाती दोन्ही अभ्यासक्रम असतात. नेटवर्कचा विषय मात्र ती वगळते. तेथे तो पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो, आणि पदवीच्या अभ्यासावर बहुधा पायाभूत विषयांतच सवलत मिळते. अशा रीतीने चारांऐवजी दोनच विषय उरतात.

पण पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द अद्याप बाकी आहे. तेथील अनेक विद्यापीठे दोन गोष्टींत भेद करतात. पहिली म्हणजे 'क्रेडिट': विषय पूर्ण झाला असे धरून एकूण विषय कमी केले जातात. दुसरी 'एक्झेम्प्शन': तो विषय करावा लागत नाही, परंतु त्याच्या जागी दुसरा घ्यावा लागतो. पहिलीत पैसे वाचतात, दुसरीत वाचत नाहीत. म्हणून घरातील कल सहजच पहिलीकडे झुकतो.

येथेच थांबून विचार करावा. क्रेडिटमुळे अभ्यासक्रम लांबीने कमी झाला, तर ऑस्ट्रेलियाच्या नियमानुसार विद्यापीठास नोंदणीचे प्रमाणपत्रही त्या कमी मुदतीचेच द्यावे लागते. शिक्षणानंतर तेथे काम करण्यासाठीचा पदवीधर व्हिसा मात्र किमान दोन शैक्षणिक वर्षांच्या, म्हणजे ब्याण्णव आठवड्यांच्या, नोंदणीकृत अभ्यासक्रमाची अट घालतो. भारतातील शिक्षणावर मिळालेली सवलत त्या मुदतीत धरली जात नाही. चार विषयांचे क्रेडिट म्हणजे एक सत्र कमी, दोनाचे दीड वर्ष. वाचलेले एका सत्राचे शुल्क त्या व्हिसाच्या पात्रतेवरच पाणी सोडू शकते.

म्हणून विद्यार्थिनी ई-मेलच्या शेवटी मागणीपूर्वी प्रश्न ठेवते: "या दोन विषयांत क्रेडिट मिळाल्यास माझ्या अभ्यासक्रमाची मुदत कमी होईल काय? होत असल्यास मी क्रेडिटऐवजी एक्झेम्प्शन आणि पर्यायी विषय मागू इच्छिते." हा प्रश्न प्रवेश स्वीकारून नोंदणीचे प्रमाणपत्र निघण्याआधी विचारावा, नंतर मुदत बदलणे म्हणजे व्हिसाच्या कागदांची नवी यातायात. उत्तर लेखी घ्यावे आणि जपून ठेवावे.

उत्तर आले, डेटाबेस वगळला गेला आणि त्याच्या जागी तिने माहिती-सुरक्षेचा विषय निवडला, तर शुल्क तेवढेच राहील, मुदतही दोन वर्षांची राहील. मग घरी विचारले जाईल, "मग वाचले काय?" उत्तर एवढेच, की तेच पुन्हा शिकण्यात जाणारे एक सत्रभराचे श्रम नवे काही शिकण्यास मिळाले.