भिंतीपलीकडच्या घराला चिठ्ठी

"त्यांना तर कमी ऐकू येतं, मग आमच्या गाण्यांचा त्रास कसा होतो?" शेजाऱ्याचा हा प्रश्न उमरग्याच्या एका वाचकांनी कळवला आहे. त्यांच्या आईचं वय ऐंशीच्या पुढं. भिंतीला भिंत लागून घरं, वर पत्रे. पलीकडचा तरुण दुकान बंद करून दहा-साडेदहाला घरी येतो, जेवतो आणि होम थिएटर लावतो. ते बारा-साडेबारापर्यंत चालतं. वाचकांनी एकदा तोंडी सांगितलं, तेव्हा हे उत्तर मिळालं. आता ते चिठ्ठी लिहिणार आहेत आणि तिचा मसुदा त्यांनी मला वाचायला पाठवला आहे.

शेजाऱ्याचा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटत नाही. तो खरोखरच बुचकळ्यात पडला असणार, आणि उत्तर दिल्याशिवाय चिठ्ठीचा उपयोग व्हायचा नाही. म्हातारपणी कान जातो तो बारीक, उंच आवाजांना आधी जातो. स, श, त, फ ही अक्षरं निसटतात, म्हणून नातवंडांचं बोलणं आजीला अर्धंच कळतं. खालचे, जाड आवाज मात्र पुष्कळदा शाबूत राहतात. भिंतीचंही तसंच आहे. गाण्याचे शब्द, बासरी, गायिकेचा आवाज ती बऱ्यापैकी अडवते. ढोलाचा आणि बासचा ठोका तिच्यातून पार होतो. म्हणजे शेजाऱ्याच्या खोलीत सुरेल गाणं चालू असतं आणि आईच्या खाटेपर्यंत नुसता धप्-धप् ठोका पोचतो. पत्रे त्यावर थरथरतात, फळीवरची भांडी किणकिणतात. म्हातारपणी गाढ झोप कमी झालेली असते, एकदा जाग आली की डोळा लवकर लागत नाही. त्यात दोन गाण्यांच्या मध्ये शांतता होते आणि पुन्हा ठोका सुरू होतो. पंख्याची एकसुरी घरघर माणसाच्या अंगवळणी पडते, ही उघडझाप पडत नाही.

या घरात आणखी एक गोष्ट आहे. आई सास्तूरकडच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर बसलं. आजही रात्री भांडी वाजली की त्या उठून बसतात आणि दारापाशी जातात, असं वाचक लिहितात. आमच्या जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात अशी माणसं घरोघर आहेत. तिशीतल्या शेजाऱ्याला ती रात्र आठवत नाही, कारण तो तेव्हा जन्मलेला नसेल, नाहीतर अगदी लहान असेल. त्याला कुणीतरी सांगायला हवं.

वाचकांच्या मसुद्यात हे काहीच नव्हतं. पहिल्या ओळीत कायदा होता, दुसऱ्या ओळीत "रोजचा धिंगाणा" आणि शेवटी पोलिसांचं नाव. अशी चिठ्ठी वाचून माणूस आवाज कमी करत नाही, बचावाला उभा राहतो. शिवाय "आवाज कमी ठेवा" यातून काय करायचं हे कळत नाही. तो मघाशीच कमी केलेला आहे, असं त्याला मनापासून वाटत असतं, कारण त्याच्या खोलीत तो कमी झालेलाच असतो. म्हणून मी ही चिठ्ठी अशी लिहीन:

"भाऊ, नमस्कार. आईच्या झोपेबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत. तुम्ही दिवसभर दुकानात राबून रात्री गाणी ऐकता, त्याला आमचं काही म्हणणं नाही. तुम्ही विचारलं होतं, आईला कमी ऐकू येतं तर त्रास कसा? बोलणं तिला कमी येतं हे खरं, पण बासचा ठोका भिंतीतून तिच्या खाटेपर्यंत येतो आणि वरचे पत्रे हलतात. भूकंपात तिचं घर पडलं होतं. भांडी वाजली की ती घाबरून उठते आणि पुढं तास-दोन तास जागी राहते. एक विनंती आहे. रात्री दहानंतर बास अगदी खाली घ्यावा आणि मोठा स्पीकर आपल्या दोघांच्या भिंतीपासून पलीकडच्या बाजूला ठेवावा. एका रात्री दोन मिनिटं आमच्याकडे येऊन खाटेपाशी बसा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. घरी कार्य असेल, वाढदिवस असेल, तर आधी सांगा, त्या रात्री आम्ही आईला आतल्या खोलीत झोपवू. आमच्याकडून तुम्हाला काही त्रास होत असेल तर तोही सांगा. तुमचा शेजारी."

यातली स्पीकरची ओळ सगळ्यांत कामाची आहे. जाड आवाजाचा डबा कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवला की ठोका वाढतो. तोच डबा कोपऱ्यातून काढून सामाईक भिंतीपासून लांब नेला, खाली जाडसर गोधडीची घडी घातली, तर फरशीत आणि भिंतीत जाणारा हादरा कमी होतो. भिंतीवर ठोकलेल्या फळीवर स्पीकर असेल तर तो आधी खाली उतरवावा. गोधडीनं हवेतून येणारा ठोका थांबत नाही, त्यासाठी बासचं बटण फिरवावंच लागतं. पण एवढ्यात गाणं बंद करावं लागत नाही, म्हणून माणूस तयार होतो.

चिठ्ठी दारावर चिकटवू नये, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. चारचौघांत वाचली गेलेली विनंती आरोप होते. गाणी चालू असताना रात्री अकराला घेऊन जाऊ नये. सकाळी दुकानात निघण्याआधी, त्याच्या आई-वडिलांच्या किंवा पत्नीच्या हातात द्यावी. आपल्याकडे अशा गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर गेल्या की लवकर मार्गी लागतात.

आता कायद्याचं. तो चिठ्ठीत नको, पण वाचकांना ठाऊक असावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी घरातल्या यंत्राचा आवाज त्या घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जायला नको. नियम नीट आहे, तरी या घराला तो अपुरा पडतो, आणि त्याचं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. ज्या मापानं हे डेसिबल मोजतात ते जाड आवाजांना कमी वजन देतं. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा तर त्याहून बेभरवशाचा. पत्रे थरथरत असताना आकडा मर्यादेत दिसू शकतो. तक्रार करायला गेलेला माणूस तिथं अडकतो, म्हणून मी बोलण्यावर इतका भर देतो आहे.

चिठ्ठीनंतर आठ-दहा दिवस वाट पाहावी आणि रोज एका वहीत लिहून ठेवावं: ठोका किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, आई कधी उठली. फरक पडला तर त्याच्या घरी जाऊन तसं सांगावं, आईला झोप लागते हे त्याला कळायला हवं. चार दिवस बरे जाऊन पुन्हा सुरू झालं तर वही घेऊन त्याच्या वडिलांशी बोलावं, सोबत दोघांच्याही ओळखीचं गल्लीतलं एखादं जुनं माणूस न्यावं. तरीही रात्रीमागून रात्री तेच चालू राहिलं, तर ११२ वर फोन करावा आणि सकाळी ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. त्या वहीतल्या तारखा आणि वेळा अर्जाला जोडाव्यात. तोवर आईची खाट सामाईक भिंतीपासून हलवून समोरच्या बाजूला घ्यावी आणि फळीवरची भांडी आजच खाली उतरवून ठेवावीत. त्यासाठी शेजाऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची गरज नाही.